क्षमापत्राचा मसुदा

सरकारी कचेरीत बारा वर्षे काढलेल्या माणसाला पत्र लिहिणे जड जाऊ नये. रोज सकाळी मी निदान सात-आठ पत्रांचे मसुदे करतो. स्मरणपत्रे, खुलासे, पोचपावत्या, ‘आपले पत्र मिळाले, बाब विचाराधीन आहे’ अशा मजकुराची उत्तरे. असे असूनही गेल्या वर्षी श्रावणात एका बाईंना लिहावयाच्या दीड पानी पत्राने माझे नऊ दिवस घेतले. त्या पत्रात मला फक्त क्षमा मागावयाची होती.

प्रथम माझ्या छंदाविषयी सांगितले पाहिजे. मी पत्रिका पाहतो. आमच्या घरी आजोबांपासून पंचांग आहे, त्यामुळे नवग्रहांशी माझी ओळख पाढ्यांच्याही आधीची. नोकरीत आल्यावर 1964 च्या आचरण नियमांतील पंधरावा नियम वाचला आणि या कामाबद्दल पैसा घ्यावयाचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. नारळ आणि सुपारी एवढीच दक्षिणा. परंतु मोबदला घेतला नाही म्हणजे जबाबदारीही घेतली नाही, असा एक सोयीस्कर समज त्याबरोबर मनात येऊन बसला असावा, हे आता कळते.

होसकोटे हे बेंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पाऊण-एक तासावरचे गाव. कानडीत ‘होस कोटे’ म्हणजे नवा कोट. सतराव्या शतकात शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली, तिच्यात हा भागही होता, याचा आम्हा इथल्या मराठी मंडळींना उगाचच अभिमान वाटतो. आम्ही पाच-सहा कुटुंबे; कोणी केंद्र सरकारच्या कचेरीत, कोणी बँकेत. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी चहा होतो. मराठी बोलून जीभ हलकी होते. आणि चहाचे कप रिकामे झाले, की कोणी तरी म्हणते, “आता जरा पत्रिका काढा.”

त्या रविवारी मंडळी आमच्याकडे होती. बँकेत नव्याने बदलून आलेल्या एक बाई प्रथमच आल्या होत्या. वय तिशीच्या आसपास, अविवाहित, माहेर सातारा जिल्ह्यात. नाव मी येथे लिहीत नाही. त्यांचे लग्नाचे चालले होते आणि मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली होती. जाताजाता पाहाल का, म्हणून त्यांनी एक पिवळी कागदी पिशवी पुढे केली. पिशवीत वर टंकलेले परिचयपत्र आणि त्याखाली घडी घातलेली, हाताने लिहिलेली जुनी जन्मपत्रिका. जुनी घडी उलगडण्याचा मला कंटाळा आला. मी परिचयपत्रावरची जन्मवेळ आणि जन्मगाव मोबाईलमध्ये घातले. निमिषार्धात कुंडली समोर आली. घरात दहा माणसे, मुले मध्येच धावत होती, आणि सगळ्यांचे लक्ष माझ्याकडे आहे याची मला सुखद जाणीव होती.

“मूळ नक्षत्र, पहिला चरण,” मी मोठ्याने म्हणालो. “म्हणजे वडील लहानपणीच गेले असणार.”

आणि त्यावर मी हसलो. वाईट हेतूने नव्हे. गणिताचे उत्तर बरोबर आलेल्या विद्यार्थ्यासारखा हसलो.

त्या म्हणाल्या, “हो. मी अकरा महिन्यांची होते.”

“पाहा!” मी इतरांकडे वळून म्हणालो.

त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला, यजमानीणबाईंना नमस्कार केला आणि निघून गेल्या. कागदांची पिशवी टेबलावर तशीच राहिली. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. उलट, रात्री जेवताना मी ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगू लागलो, तेव्हा पत्नी म्हणाली, “पुरे करा. जिन्यात त्या रडत होत्या. मी खाली गेले होते सोडायला.”

त्यांनी जिन्यात पत्नीला जे सांगितले ते थोडक्यात असे. वडील गेल्यापासून आजी त्यांना नावाने हाक मारीत नसे. ‘बापाच्या मुळावर आलेली’ हे तिचे नाव. मराठीत आपण हा शब्दप्रयोग सहज करतो; एखादा कुणाच्या मुळावर उठला, म्हणजे त्याच्या नाशाला कारण झाला. आजीला ज्योतिष येत नव्हते, तिला दुःख झाले होते आणि त्या दुःखाला एक मूल सापडले होते. आईने मुलीला सतत सांगितले, की हे बोलणे आहे, याला काही आधार नाही, तुझ्या पत्रिकेत असे काही नाही. मुलगी शिकली, बँकेत लागली, आजी वारली, आणि तो शब्द मागे पडला. तीस वर्षांनंतर, परमुलखात, पहिल्याच भेटीत, दहा माणसांदेखत मी सांगितले, की आजीचे म्हणणे बरोबर होते. शास्त्राचा शिक्का मारून सांगितले.

मी उठलो आणि ती जुनी पत्रिका उलगडली.

शाईचा रंग फिका झाला होता, पण अक्षर सुवाच्य. नक्षत्र ज्येष्ठा, चरण चौथा, राशी वृश्चिक, चरणाक्षर ‘यू’. बुधाची महादशा, भोग्य 1 वर्ष 5 महिने 25 दिवस. मूळ कुठेही नव्हते. माझ्या मोबाईलवर मात्र राशी धनु, नक्षत्र मूळ, आणि महादशा केतूची. वेळ तीच, गाव तेच. मग फरक कशाने पडला?

ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो. आपली राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठून धरावयाची, यावर पंचांगकर्त्यांचे एकमत नाही. संपातबिंदू आणि आपला आरंभबिंदू यांतल्या अंतराला अयनांश म्हणतात. महाराष्ट्रात दाते पंचांग चित्रापक्षाचे, तर टिळक पंचांगाचे अयनांश निराळे, आणि हा वाद घरोघर झालेला आहे. 1952 साली भारत सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिने चित्रापक्षाला धरून 21 मार्च 1956 रोजीचे अयनांश 23 अंश 15 कला ठरवून दिले. परंतु बेंगळूरच्या बी. व्ही. रामन यांनी, ज्यांनी इथून अनेक वर्षे इंग्रजी ज्योतिष मासिक चालवले, स्वतःचे निराळे अयनांश वापरले, आणि या भागात ते मानणारे पुष्कळ आहेत. दोहोंत सुमारे 1 अंश 27 कलांचा फरक आहे. चंद्राला तेवढे चालावयास अडीच-पावणेतीन तास लागतात. बहुतेक पत्रिकांत यामुळे काही बिघडत नाही. पण चंद्र नक्षत्राच्या काठावर असला, तर तो पलीकडे जातो.

या बाईंचा चंद्र चित्रापक्षाने वृश्चिकेच्या 28 अंश 50 कलांवर होता. त्यात 1 अंश 27 कला मिळवल्या, की धनु 0 अंश 17 कला होतात. ज्येष्ठा संपते, मूळ सुरू होते. महिनाभरापूर्वी एका कानडी सहकाऱ्याची पत्रिका करताना मी मोबाईलमधले अयनांश बदलले होते आणि पुन्हा पूर्ववत करावयाचे विसरलो होतो. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ते लिहिलेले होते. ते पाहिले असते तरी चूक टळली असती, जुनी घडी उलगडली असती तरी टळली असती; किंवा नुसते एवढे लक्षात आले असते, की चंद्र राशीच्या पहिल्या अंशात आहे, तेव्हा थांबून पडताळून पाहावे. काठावरचा चंद्र दिसला की वेळ आणि अयनांश दोन्ही तपासावेत, हे आजोबांनी मला दहाव्या वर्षी शिकवले होते.

चूक सापडल्याने मला हायसे वाटले, हे कबूल केले पाहिजे. चूक सापडली, म्हणजे ती दुरुस्त करता येते. मी त्याच रात्री कागद घेतला आणि पहिला मसुदा केला. तो साधारणतः असा होता: ‘दिनांक अमुक रोजी आपल्या पत्रिकेचे अवलोकन करताना अयनांशांच्या फरकामुळे नक्षत्राची नोंद चुकीची झाली. वस्तुतः आपले जन्मनक्षत्र ज्येष्ठा असून त्यामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’

पत्नीने तो वाचला आणि विचारले, “दिलगिरी कोण व्यक्त करतंय?”

प्रश्न रास्त होता. ‘व्यक्त करण्यात येत आहे’ या रचनेत करणारा कुठेच नसतो. आम्हा कारकुनांना ती फार प्रिय, कारण तिच्यात खुर्ची बोलते, माणूस बोलत नाही. ‘गैरसमज’ हा शब्द तर त्याहून वाईट. गैरसमज झाला म्हणजे ऐकणाऱ्याचा झाला. माझे बोलणे त्यांनी अगदी बरोबर समजून घेतले होते.

दुसऱ्या मसुद्यात मी कर्तरी वाक्ये केली. ‘मी चुकलो’ असे लिहिले. पण गाभा तोच ठेवला: तुमचे नक्षत्र मूळ नव्हे, ज्येष्ठा आहे, तेव्हा चिंतेचे कारण नाही. लिहून झाल्यावर हात थबकला. रामदैवज्ञाचा ‘मुहूर्तचिंतामणी’ हा शके 1522 मधला ग्रंथ आमच्या घरी आजोबांच्या खुणांसकट आहे. मूळ नक्षत्राच्या मुलीने सासऱ्याला वाईट, आश्लेषेच्या मुलीने सासूला, विशाखेच्या मुलीने धाकट्या दिराला, आणि ज्येष्ठेच्या मुलीने थोरल्या दिराला. म्हणजे बाईंना मी वडिलांच्या मृत्यूतून सोडवीत होतो आणि अजून ज्याचे तोंडही पाहिलेले नाही अशा कुणा थोरल्या दिराच्या मृत्यूत अडकवीत होतो. मुलाकडच्यांच्या भटजींनी हे पान उघडलेच असते.

त्या क्षणी मला प्रथमच दिसले, की गणिताची क्षमा मागणे म्हणजे क्षमा न मागणे. ‘तुम्ही मूळ नक्षत्राच्या नाही, म्हणून तुम्ही निर्दोष आहात’ असे मी लिहीत होतो. याचा अर्थ, त्या खरोखरच मूळ नक्षत्रावर जन्मल्या असत्या, तर माझे बोलणे योग्य ठरले असते. नक्षत्रांची ती वाटणी करणारी रेषा तर माणसांनी समिती नेमून ठरवलेली! 1 अंश 27 कलांच्या अलीकडे एक तान्ही मुलगी निरपराध आणि पलीकडे पितृघातकी, हे मनाशी उच्चारून पाहिल्यावर मला माझ्याच घरातल्या देवापुढे उभे राहवेना.

चार दिवस मसुदा खणात पडून राहिला. मधल्या काळात आमच्या कचेरीतले वडीलधारे सहकारी नाना यांच्याजवळ मी मन मोकळे केले. तेही त्या चहाला होते. नानांनी नोकरीतल्या अनुभवाने पहिला सल्ला दिला, “लेखी माफी कधी द्यायची नाही. तोंडी बोलून टाक.” आणि दुसरा मुद्दा काढला तो अधिक अवघड होता. ते म्हणाले, “अरे, पण तुझं खरं ठरलं ना? वडील गेलेच होते. खरं बोललास त्याची कसली माफी?”

या प्रश्नाने मला झोप येईना. नक्षत्र चुकीचे, आणि तरी उत्तर बरोबर कसे? चुकलेल्या गणिताने बरोबर उत्तर देणे शाळेत तरी संशयास्पद मानतात. मी ती पिवळी पिशवी पुन्हा काढली, आणि वरचा कागद, परिचयपत्र, प्रथमच नीट वाचला. दुसऱ्या ओळीत टंकलेले होते: वडिलांचे नाव, आणि त्या नावामागे ‘कै.’

जन्मवेळ तिसऱ्या ओळीत होती. ती टिपून घेताना माझी नजर दुसऱ्या ओळीवरून गेली होती. ते ‘कै.’ मी वाचले होते. वाचले आहे हे मला कळले नव्हते एवढेच. मग मूळ दिसल्याबरोबर जिभेवर ते वाक्य आयते आले, आणि मला वाटले, ते आकाशातून आले. आजवर मी ज्यांना ज्यांना अचूक सांगितले त्यांतली किती उत्तरे अशी कागदावरून, चेहऱ्यावरून, कपाळावर कुंकू आहे की नाही यावरून आली असतील, याचा हिशेब मी करू लागलो आणि थांबवला.

जयंत नारळीकरांनी 2008 साली पुण्यात केलेला प्रयोग मला ठाऊक होता; मी त्याच्याविरुद्ध वादही घातलेला होता. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. ज्योतिष्यांना त्यांतल्या चाळीस-चाळीस पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच विचारले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून चाळिसांत वीस बरोबर यावीत. सर्वांत चांगला ठरलेला ज्योतिषी चोविसांपर्यंत गेला, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही खाली राहिली. हे मी पूर्वी वाचले तेव्हा म्हणालो होतो, की माणूस समोर असल्याशिवाय पत्रिका बोलत नाही. ते म्हणणे खरेच होते. माणूस समोर असला, की ‘कै.’ समोर असते.

नानांना उत्तर सापडले. वडील वारले ही गोष्ट खरी आहे. ती मी ओळखली नाही, वाचली. आणि ते मुलीच्या जन्मामुळे वारले ही गोष्ट मी ना ओळखली, ना वाचली. ती मी स्वतः जोडली. माफी त्या जोडण्याची मागावयाची होती.

त्यानंतर पत्र लिहावयास अवघी पाऊण घटका लागली. ते त्या बाईंच्या संमतीने, नावगाव वगळून, येथे देतो.

होसकोटे,
श्रावण वद्य पंचमी

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी, दहा माणसांदेखत, मी तुमची पत्रिका पाहून म्हणालो, की मूळ नक्षत्राचा पहिला चरण असल्याने तुमचे वडील लहानपणीच वारले असणार. हे बोलताना मी हसलो, आणि तुम्ही ‘हो’ म्हटल्यावर इतरांकडे वळून ‘पाहा’ असे म्हणालो. हे सर्व मला नीट आठवते. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो.

मी काय केले ते तुम्हाला कळले पाहिजे. तुमच्या परिचयपत्रावर वडिलांच्या नावामागे ‘कै.’ लिहिले आहे. ते माझ्या नजरेतून गेले होते. मी जे सांगितले ते तिथून आले होते, पत्रिकेतून नव्हे. ते ग्रहांनी सांगितल्याचा आव मी आणला, आणि त्या वेळी माझाही त्यावर विश्वास होता.

नक्षत्रही मी चुकीचे सांगितले. तुमच्या जुन्या पत्रिकेत जे लिहिले आहे ते ज्या पद्धतीने केले त्या पद्धतीने बरोबर आहे. मी घाईत दुसऱ्या पद्धतीचे आकडे वाचले आणि जुना कागद उलगडून पाहिला नाही. परंतु हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. ते नक्षत्र मूळ असते, तरीही माझे बोलणे तितकेच चुकीचे झाले असते. अकरा महिन्यांच्या मुलीमुळे कोणाचा मृत्यू होत नाही. तुमच्या आईंनी तुम्हाला जे सांगितले ते खरे आहे. ज्याला पत्रिका पाहता येतात असे लोक म्हणतात, त्याने हे लिहून दिलेले असावे, म्हणून लिहून देत आहे.

तुमच्या घरातली गोष्ट माझ्या पत्नीने मला सांगितली. तिने सांगावयास नको होती असे तुम्हाला वाटल्यास तो दोषही माझाच. मी जेवताना तुमच्याबद्दल बोलत होतो म्हणून तिला मला थांबवावे लागले.

त्या दिवशी जी मंडळी हजर होती त्यांच्यासमोर मी माझे शब्द मागे घेऊ इच्छितो. पण तसे केल्याने ती गोष्ट पुन्हा निघेल, आणि ती तुमची आहे, माझी नव्हे. तुम्ही सांगाल तरच मी बोलेन. तुम्ही काहीच कळवले नाही, तर गप्प राहीन.

मी तुमच्या पत्रिकेविषयी अधिक काही सांगणार नाही. शांत, जप, दान यांपैकी काही सुचवणार नाही. तुमचे दोन्ही कागद सोबत परत पाठवीत आहे. मोबाईलमधली नोंद पुसून टाकली आहे. या पत्राला उत्तर देण्याची गरज नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
(सही)

शेवटच्या ओळीवर पत्नीने बोट ठेवले. ‘लोभ असावा’ लिहिण्याची रीत आहे. परंतु ज्याने दुखावले त्याने लोभ मागावा हे मला पटेना. क्षमाही मी ‘करावी’ असे लिहिले नाही. मागतो एवढेच लिहिले. करणे न करणे त्यांच्या हाती राहिले पाहिजे, आणि त्यासाठी त्यांना मुदत घालणे बरे नव्हे. याच कारणाने पत्र मी स्वतः नेऊन दिले नाही, कारण दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘असू द्या’ म्हणावेच लागते. साध्या टपालाने पाठवले. पोचपावतीची सवय हाडात मुरलेली असूनही ती मागितली नाही; माझ्या पत्रासाठी त्यांनी सही तरी का करावी?

दोन आठवडे काही कळले नाही. या काळात मला उत्तराची अपेक्षा होती हे लपवण्यात अर्थ नाही. रोज टपाल पाहत होतो. ‘उत्तर देण्याची गरज नाही’ हे वाक्य लिहिणे सोपे असते, पाळणे मात्र कठीण.

गणेशोत्सवात आमच्या कुटुंबांनी मिळून दीड दिवसाचा गणपती बसवला. आरतीला त्या आल्या. प्रसाद वाटताना माझ्यापुढे आल्या तेव्हा मी द्रोण हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “पत्र मिळालं. मी ते आईकडे पाठवून दिलं.”

मी मान हलवली.

“आईनं ते देवघरातल्या फडताळात ठेवलंय. बाबांच्या फोटोपाशी.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “त्या दिवशीच्या लोकांना सांगा तुम्ही. मला चालेल. मी असताना सांगा.”

मी त्याच संध्याकाळी सांगितले. आरतीचे ताम्हन खाली ठेवून, मंडळी बसली होती तिथेच. अयनांश, ज्येष्ठा, मूळ यांतले काहीही सांगितले नाही. ते सांगितले असते तर चर्चा तिकडेच वळली असती आणि मी पुन्हा विद्वान ठरलो असतो. एवढेच म्हणालो, की त्या दिवशी मी यांच्या वडिलांविषयी जे बोललो ते पत्रिकेत नव्हते, मी परिचयपत्रावर वाचले होते, आणि त्यांच्या जन्माशी त्याचा काहीही संबंध नाही. मी त्यांची क्षमा मागितली आहे. कोणी काही बोलले नाही. नाना काही वेळ छताकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “मोदक गार होतायत.”

त्यांचे लग्न त्या ठिकाणी जमले की नाही हे मला ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. चहाचे रविवार चालू आहेत. त्या कधी येतात, कधी येत नाहीत. कप रिकामे झाल्यावर कोणी नवागत पत्रिका पुढे केली, तर मी ती उलगडतो, हाताने लिहिलेल्या अक्षराचे कौतुक करतो, आणि पूर्वीच्याच घड्यांवर घडी घालून परत देतो. आजोबांचा ‘मुहूर्तचिंतामणी’ मी टाकून दिलेला नाही. ज्या पानावर मुलींची नक्षत्रे आहेत त्या पानात पहिला मसुदा ठेवला आहे, ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ वाला. कधी माझ्या मुलाने ते पुस्तक उघडले, तर दोन्ही एकदम त्याच्या हाती लागावेत.